“यातून काही इनसाइट्स काढून दे” : कापूस खरेदीच्या एका फाइलवर बसून

यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या पट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपन्या वाढल्या आणि त्यांच्यासोबत एक्सेलच्या फाइली वाढल्या. खरेदी केंद्रावरचा पोरगा रोजच्या काटापट्ट्या संगणकात चढवतो. हंगामाच्या मध्यावर कोणीतरी ती अख्खी फाइल उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि खाली एक ओळ येते: “भाऊ, फाइल पाठोली. काही इनसाइट्स निघत असन तं काढून दे.” प्रश्न नाही, मुदत नाही, कशासाठी हवंय तेही नाही.

अशा वेळी बहुतेक जण पिव्होट टेबल उघडतात आणि गावनिहाय आवक, महिनानिहाय आवक, सगळ्यात मोठे दहा शेतकरी असे आठ-दहा रंगीत तक्ते काढून पाठवतात. अध्यक्ष अंगठा दाखवतात आणि पुढे काही होत नाही. कारण डिसेंबरात आवक जास्त असते हे त्यांना तक्त्याविना माहीत असतं.

या लेखात एकच फाइल घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. फाइल नमुन्याची आहे. गावांची नावं आणि आवकीचे आकडे समजावण्यासाठी मी रचलेले आहेत, पण रचना खऱ्या काटापट्टीसारखीच आहे. स्तंभ आठ: A दिनांक, B टोकन क्रमांक, C काट्याची वेळ, D गाव, E वजन क्विंटलमध्ये, F ओलावा टक्क्यांत, G दर, H रक्कम. काळ २०२५-२६ च्या हंगामातले नोव्हेंबर-डिसेंबरचे चाळीस खरेदी-दिवस. ओळी ८३९.

फाइल उघडायच्या आधी एक फोन

फोनवर “तुम्हाला काय हवंय?” असं विचारू नका. त्याचं उत्तर “तूच पाह्य ना काय निघते ते” असंच येतं. विचारायचं असं: “या दोन महिन्यांत केंद्रावर कशावरून कटकट झाली?” आणि “पुढच्या पंधरा दिवसांत तुमच्या हातात काय बदलणं आहे?” पहिल्या प्रश्नाला माणूस खुलून बोलतो. आपल्या उदाहरणात अध्यक्ष म्हणाले, “पिंपळगाववाले म्हणते का आमाले भाव कमी देता. बोरगावले जास्त देता.”

फोन लागलाच नाही तर स्तंभांकडे पाहून एवढं ठरवा की यातलं कंपनीच्या हातात काय आहे. हमीभाव त्यांच्या हातात नाही, पाऊस नाही, गावाचं अंतरही नाही. टोकन वाटायची वेळ, काटा सुरू करायची वेळ आणि ओलावा मोजायची पद्धत मात्र आहे. शोध त्या स्तंभांभोवती ठेवायचा.

आणखी एक सवय लावून घ्या. आकडे पाहण्याआधी, वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टी कागदावर लिहून काढा. दिवाळीनंतर आवक चढते, बाजाराच्या दिवशी गर्दी कमी असते, मोठ्या शेतकऱ्यांचा माल जास्त येतो. नंतर फाइलमधून यातलंच काही निघालं तर ते अहवालात जाणार नाही. ते निघालं म्हणजे फाइल धड आहे एवढंच कळलं.

एक ओळ म्हणजे काय?

हा प्रश्न साधा वाटतो म्हणून लोक सोडतात आणि पुढचं सगळं गणित त्यावर उभं राहतं. आपल्या फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक शेतकरी, एक गाडी की एक वजन? टोकन क्रमांक पाहिले तर एकाच दिवशी तोच क्रमांक दोनदा आलेला दिसतो, असं २६ वेळा. चौकशी केली तर कळतं की दोन भावांचा माल एकाच पिकअपमध्ये आला, पट्ट्या दोन फाडल्या, ओलावा मात्र एकदाच मोजला. म्हणजे गाड्या मोजायच्या असतील तर त्या २६ ओळी जोडीदार ओळीत मिसळायला हव्यात. शेवटची ओळ तर माणसाचीच नाही, ती “एकूण” आहे. ती राहिली तर आवक दुप्पट दिसते. ८३९ मधून १ आणि २६ वजा केल्यावर उरल्या ८१२ गाड्या, म्हणजे शीटमध्ये ओळ २ ते ८१३.

तारखेचा घोळ आपल्याकडे हमखास असतो. फाइल अमेरिकी मांडणीच्या संगणकात उघडली की ०५/११ म्हणजे ५ नोव्हेंबरचा ११ मे होतो, आणि १२ च्या पुढचे दिवस तारीख न बनता नुसती अक्षरं म्हणून राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. तारखेच्या स्तंभाला फिल्टर लावा. मे महिन्यात कापसाची खरेदी दिसली, किंवा अर्ध्या तारखा खान्याच्या डावीकडे आणि अर्ध्या उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या, की समजा.

मग हिशोब पडताळा. ही कंपनी भारतीय कापूस निगमाच्या रीतीने दर देते. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण दर, त्यावर प्रत्येक टक्क्यामागे एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल घेत नाहीत. म्हणजे ९ टक्क्यांना ८०२८.९० आणि १२ ला ७७८५.६०. दर असा आला पाहिजे:

```
=ROUND(8110*(1-MAX(0,F2-8)/100),2)
```

हे सूत्र L स्तंभात खाली ओढा आणि G शी ताडून पाहा. तसंच E गुणिले G करून H शी ताडा. फरक आलेल्या ओळी वेगळ्या काढा. साधारणपणे त्यात तीन प्रकार सापडतात: वजन क्विंटलऐवजी किलोत टाकलेलं, ओलाव्याच्या जागी शून्य, आणि चुकून ७७१० चा मध्यम धाग्याचा दर लागलेला माल. हे दुरुस्त करून टाका, पण किती ओळी दुरुस्त केल्या ते लिहून ठेवा. गावांची नावंही एकसारखी करा. “पिंपळगाव”, “पिंपळगांव” आणि “पिपळगाव” ही संगणकाला तीन गावं आहेत.

या साफसफाईला अर्धा दिवस जातो. तो वाया जात नाही, कारण टोकनाचा स्तंभ कसा भरला जातो हे इथेच कळतं आणि पुढे तोच कामाला येणार आहे.

तक्रारीपासून सुरुवात

पिंपळगाववाल्यांची तक्रार खरी आहे का? आधी सरासरी. पिव्होट टेबल साधी सरासरी देतं. म्हणजे तीन क्विंटलची बंडी आणि तीस क्विंटलची ट्रॉली त्याला सारखीच. पैसे वजनावर दिले जातात, तेव्हा सरासरीही वजनाने धरायची. त्यासाठी I स्तंभात वजन गुणिले ओलावा, म्हणजे `=E2*F2`, घाला आणि I ची बेरीज भागिले E ची बेरीज करा.

पिंपळगावचा १२०० क्विंटल माल आला, ओलावा १०.२ टक्के. बोरगावचा ९०० क्विंटल, ओलावा ९.०. दरात फरक पडतो क्विंटलमागे ९७ रुपयांचा. तक्रार खरीच आहे. इथे थांबणारा माणूस लिहितो: “पिंपळगावच्या कापसात ओलावा जास्त, शेतकऱ्यांना प्रशिक्षणाची गरज.” हे वाक्य मिटिंगमध्ये वाचलं जातं आणि पिंपळगावचे संचालक उठून उभे राहतात.

थांबू नका. दोन गटांत फरक दिसला की पहिला प्रश्न हा की दोन्ही गट आणखी कशात वेगळे आहेत? फाइलमध्ये काट्याची वेळ आहे. सकाळी दहाच्या आत आणि नंतर, असे दोन भाग करू:

```
=SUMIFS(I:I,D:D,"पिंपळगाव",C:C,"<"&TIME(10,0,0))
 /SUMIFS(E:E,D:D,"पिंपळगाव",C:C,"<"&TIME(10,0,0))
```

वेळ अक्षरांच्या रूपात साठवलेली असेल तर हे सूत्र भागाकाराची चूक दाखवेल. आधी C स्तंभ वेळेच्या रूपात आणा.

उत्तर असं आलं. पिंपळगावचा ९६० क्विंटल माल दहाच्या आत काट्यावर आला, त्याचा ओलावा १०.६. नंतर आलेला २४० क्विंटल, त्याचा ८.६. बोरगावचं उलट: सकाळी फक्त १८० क्विंटल, ओलावा १०.५, आणि नंतर ७२० क्विंटल, ओलावा ८.६. सकाळचा पिंपळगाव आणि सकाळचा बोरगाव जवळपास सारखे. दुपारचेही सारखे. गावाचा फरक उरलाच नाही. एका गावाच्या गाड्या सकाळी येतात आणि दुसऱ्याच्या दुपारी, एवढाच फरक होता. मी दहा वाजता रेघ मारली कारण त्या सुमारास दंव उडून जातं. नऊ आणि अकरा धरूनही एकदा करून पाहा. रेघ थोडी सरकवल्यावर चित्र पालटत असेल तर ते चित्र तुम्ही काढलेलं आहे, फाइलमधलं नाही.

आणि मागे किती गाड्या आहेत तेही पाहा. बोरगावचा सकाळचा १८० क्विंटल म्हणजे वीसेक गाड्या. त्यावरून “१०.५ की १०.६” असा वाद घालण्यात अर्थ नाही. “सारखेच” म्हणण्यापुरतं ते पुरेसं आहे.

रुपयांत मांडताना पाय घसरतो

आता मोह होतो तो रक्कम सांगायचा. सकाळचा ओलावा दोन टक्के जास्त, टक्क्यामागे ८१.१० रुपये, म्हणजे क्विंटलला १६२.२० कपात. गुणिले ९६० क्विंटल, तर एकट्या पिंपळगावचं नुकसान १,५५,७१२ रुपये. मथळ्यासारखा आकडा. मिटिंगमध्ये टाळ्या पडतील.

तो चुकीचा आहे. जिनिंगवर चार हंगाम काढलेला कोणताही माणूस लगेच विचारेल: “आणि वाळल्यावर वजन?”

करून पाहू. ओलावा म्हणजे एकूण वजनातला पाण्याचा वाटा असं धरलं, तर १०.६ टक्के ओलाव्याच्या १०० किलो कापसात ८९.४ किलो कोरडा माल आहे. तोच कापूस ८.६ टक्क्यांपर्यंत वाळवला की कोरडा माल तेवढाच राहतो आणि वजन उरतं ९७.८ किलो. ओल्याचे पैसे: १०० किलो, दर ७८९९.१४, म्हणजे ७८९९ रुपये. वाळल्याचे: ९७.८ किलो, दर ८०६१.३४, म्हणजे ७८८५ रुपये. वाळवून शेतकऱ्याच्या हातात चौदा रुपये कमीच आले.

म्हणजे टक्क्याला टक्का कपातीच्या या रीतीत ८ ते १२ च्या दरम्यान शेतकऱ्याचं जवळपास काही जात नाही. पाण्याचं वजन मिळतं आणि तेवढीच कपात होते. दीड लाखाचं नुकसान कागदावरचं होतं. तक्रारीला मात्र आता सरळ उत्तर आहे: दर कमी मिळाला, रक्कम कमी मिळाली नाही. अध्यक्षांना एवढं वाक्यसुद्धा पुष्कळ उपयोगी पडेल, कारण काट्यावरचं भांडण त्यावरूनच आहे.

कोणत्याही फाइलबाबत हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. आकडा सापडला की तो त्या धंद्याच्या नियमातून एकदा फिरवायचा: दर कसा लागतो, वजन कधी धरतात, कपात कशावर. नियम फाइलमध्ये लिहिलेला नसतो. तो मापाऱ्याला, जिनवाल्याला, काट्यावरच्या पोराला माहीत असतो.

बाराच्या पलीकडे काय आहे?

८ ते १२ मध्ये शेतकऱ्याचं नुकसान नसेल तर ते कुठे असू शकेल? नियमाकडे परत पाहा. सगळीकडे हळूहळू कपात आहे, फक्त एका ठिकाणी कडा आहे: १२ च्या वर गेला की माल परत. तेव्हा कडेपाशी काय चाललंय ते पाहायला हवं.

त्यासाठी सरासरी उपयोगाची नाही. ओलाव्याचा प्रत्येक आकडा किती वेळा आला ते मोजा. ११.५ पासून वर असं दिसलं: ११.५ वर १० गाड्या, ११.६ वर ९, ११.७ वर १२, ११.८ वर ११, ११.९ वर ६, आणि १२.० वर एकदम ४७. त्यापुढे शून्य.

त्यापुढे शून्य असणारच, कारण फाइल खरेदीची आहे. परत गेलेली गाडी तिच्यात येतच नाही. म्हणजे सकाळचा १०.६ हा आकडाही जरा खालचाच आहे, सगळ्यात ओल्या गाड्या त्यातून आधीच वगळल्या गेल्यात. दिलेल्या फाइलमध्ये कोण नाही हा प्रश्न इथे सगळ्यात जास्त देऊन जातो.

१२.० वरच्या ढिगाबद्दल मात्र जपून. सव्वाबारा-साडेबाराचा माल बारा लिहून घेतला असेल. दोन-तीन ठिकाणी यंत्र खुपसून त्यातलं बरं वाचन धरलं असेल. किंवा मापाऱ्याने ओळखीच्या माणसावर मेहरबानी केली असेल. फाइल यातलं काहीच सिद्ध करत नाही. काट्यावर दोनच पोरं असतात, तेव्हा लेखी अहवालात “वाचनं फिरवली” असं लिहिणं म्हणजे नाव न घेता एकाचं नाव घेणं. मी असा ढीग तोंडी सांगतो, लेखी देत नाही, आणि सोबत एवढंच सुचवतो की प्रत्येक गाडीची तीन वाचनं लिहा आणि सरासरी संगणकाला काढू द्या.

आता परत गेलेल्या गाड्या. त्या फाइलमध्ये नाहीत, पण त्यांच्या जागा आहेत. टोकन गेटवर क्रमाने मिळतं आणि रोज १ पासून सुरू होतं. १२ नंतर थेट १५ चा काटा झालेला दिसला, तर १३ आणि १४ नंबरच्या गाड्या गेटमधून आत आल्या आणि काट्यावर चढल्या नाहीत. फाइल दिनांक आणि टोकनाने क्रमाने लावा आणि J स्तंभात तिसऱ्या ओळीपासून हे घाला:

```
=IF(A3=A2,B3-B2-1,B3-1)
```

दिवस तोच असेल तर मधले गहाळ टोकन, नवा दिवस असेल तर पहिल्या काट्याआधीचे. J2 मध्ये `=B2-1` टाका. कुठे उणे एक आलं तर तो दुहेरी टोकन अजून मिसळायचा राहिलाय. दिवसाच्या शेवटच्या काट्यानंतरचे गहाळ टोकन या रीतीने सापडत नाहीत, तेवढी उणीव राहते. गहाळ टोकनाची वेळ माहीत नसते, म्हणून पुढच्या काट्याची वेळ धरायची. ती अंदाजी आहे, पण सकाळ की दुपार एवढं ठरवायला पुरते.

बेरीज आली ९६ गहाळ टोकन. त्यातली ७१ सकाळी दहाच्या आतली, २५ नंतरची. आता भागायचं कशाने ते नीट ठरवा. सकाळी काटा झालेल्या गाड्या ३१० आणि गहाळ ७१, म्हणजे आलेल्या ३८१. त्यातल्या १८.६ टक्के गाड्यांचा काटा झाला नाही. नंतर काटा झालेल्या ५०२ आणि गहाळ २५, म्हणजे ५२७ पैकी ४.७ टक्के. सकाळी पाचात जवळपास एक, नंतर वीसात एक. कडेजवळचे आकडेही तेच सांगतात: ११.५ ते १२ मधल्या ९५ गाड्यांपैकी ७४ सकाळच्या आहेत. दोन वेगळ्या वाटांनी तेच दिसतं म्हणून भरवसा वाढतो.

फाइल बंद करून गेटवर

गहाळ टोकन म्हणजे ओली म्हणून परत गेलेली गाडी, हा अजून अंदाज आहे. कोणी रांगेला कंटाळून खाजगी व्यापाऱ्याकडे गेला असेल. कोणी माल तिथेच आवारात पसरला, वाळवला आणि दुपारी नवीन टोकन घेऊन परत आला असेल. ही तिसरी शक्यता त्रासदायक आहे, कारण त्या माणसाचा माल विकला गेला आणि तरी आपण त्याला परत गेलेल्यांत मोजलं.

गेटवरच्या वहीत शेरे असतात. ९६ पैकी सगळे पाहायची गरज नाही. सकाळच्या ७१ मधून डोळे मिटून बारा निवडा. पहिले बारा घेऊ नका, ते सगळे एकाच आठवड्यातले निघतील. वहीत पाहा, वही गप्प असेल तर गेटवाल्याला विचारा. आपल्या उदाहरणात आठ गाड्या “ओला” म्हणून परत, तीन त्याच दिवशी दुपारी नव्या टोकनवर आलेल्या, आणि एक “वापस गेला, कारण नाही”. म्हणजे ७१ पैकी बहुतेक, पण सगळ्या नाही. बारावरून नेमकी टक्केवारी काढायला जाऊ नका. “दर तीनांतल्या साधारण दोन” असं म्हणणं पुरे.

तिथेच दुसरं विचारायचं: सकाळी माल ओला का? याची उत्तरं निदान दोन येतात. नंबर लवकर लागावा म्हणून पिंपळगावच्या गाड्या रात्रीच येऊन गेटबाहेर मुक्काम करतात आणि उघड्या मालावर दंव पडतं. किंवा वेचणीच भल्या पहाटे झाली, बोंडं दंवात भिजलेली असताना. दोन्हीवर उपाय वेगळा आहे. पहिलीवर ताडपत्री आणि टोकनची वेळ, दुसरीवर वेचणीची वेळ. फाइलमध्ये यातलं ठरवणारा स्तंभच नाही. तेव्हा ठरवू नका, एक स्तंभ वाढवायला सांगा: गाडी रात्रीची मुक्कामी की सकाळी आलेली. पंधरा दिवस तो भरला की मुक्कामी आणि ताज्या गाड्यांचा सकाळचा ओलावा शेजारी ठेवून पाहता येतो. मुक्कामी गाड्याच ओल्या निघाल्या तर दंव, दोन्ही सारख्याच ओल्या निघाल्या तर वेचणी.

आता लिहा, पण थोडं

दोन दिवसांच्या कामातून जे पाठवायचं ते मोबाइलच्या एका पडद्यावर बसलं पाहिजे. मी असं लिहीन:

“अध्यक्षसाहेब, नोव्हेंबर-डिसेंबरच्या ८१२ गाड्या पाहिल्या. पिंपळगावला दर कमी मिळाला हे खरं आहे, पण गावामुळे नाही. त्यांच्या बहुतेक गाड्या सकाळी दहाच्या आत काट्यावर येतात आणि सकाळी बोरगावचाही माल तेवढाच ओला असतो. ओलाव्याची कपात आणि पाण्याचं वजन जवळपास सारखं असल्याने त्यांना रक्कम कमी मिळालेली नाही, हे त्यांना क्विंटलच्या हिशोबासकट दाखवता येईल. खरं नुकसान परत जाणाऱ्या गाड्यांचं आहे. टोकन घेऊन काटा न झालेल्या गाड्या सकाळी पाचात जवळपास एक आहेत, दहानंतर वीसात एक. गेटच्या वहीत बारा टोकन तपासले, त्यातल्या आठ ओल्या म्हणून परत गेल्या. दोन गोष्टी लगेच करता येतील: आदल्या दिवशी फोनवर वेळ देऊन टोकन वाटणं, म्हणजे रात्रीचा मुक्काम टळेल, आणि गेटवरच, रांगेत लागायच्या आधी ओलावा मोजणं. दंवामुळे की पहाटेच्या वेचणीमुळे ते या फाइलवरून कळत नाही, त्यासाठी एक स्तंभ वाढवा. ११ ओळींत वजन किंवा दर दुरुस्त केलाय, त्या वेगळ्या पानावर आहेत.”

परतीच्या भाड्याचे रुपये मी यात मुद्दाम घातले नाहीत. भाडं गाडीगणिक आणि अंतरागणिक वेगळं असतं आणि ते फाइलमध्ये नाही. अध्यक्षांना ते तोंडपाठ आहे. ते स्वतः गुणाकार करतील आणि तो आकडा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त पटेल.

यावर बहुतेक वेळा उत्तर येतं: “चांगलं आहे, पण चार्ट कुठं आहे?” एकच द्या. आडव्या अक्षावर काट्याचा तास, आठ ते पाच. प्रत्येक तासाला एक उभी पट्टी: आलेल्या शंभर गाड्यांमागे किती गाड्यांचा काटा झाला नाही. पट्टीच्या डोक्यावर त्या तासाला आलेल्या एकूण गाड्यांची संख्या लिहा, म्हणजे शेवटच्या तासाच्या सहा गाड्यांतली एक परत गेली तर ती उंच पट्टी पाहून कोणी घाबरणार नाही. शीर्षकात “तासनिहाय विश्लेषण” लिहू नका, “सकाळी दहाच्या आत पाचातली एक गाडी काट्यावर चढत नाही” असं लिहा. गावांचा तक्ता जोडू नका. जोडलात तर मिटिंगमध्ये सगळे आपापलं गाव शोधत बसतील आणि टोकनची वेळ तशीच राहील.